माझ्या हातून नाही

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्सेसनी एका गोष्टीला नकार दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मानला. तारीख होती ७ मार्च २०११. अरुणा शानबाग हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच हॉस्पिटलात नर्स असलेल्या अरुणावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, गळ्याला कुत्र्याची साखळी आवळली, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. पुढे पत्रकार पिंकी विराणी तिच्या वतीने न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी अशी होती की अरुणाला अन्न देणं थांबवा आणि तिला शांतपणे जाऊ द्या.

ही बातमी वाचताना आपण सगळे दोनच बाजू बघत होतो. जगू द्यावं की जाऊ द्यावं? न्यायाधीश काय म्हणतात, डॉक्टर काय म्हणतात? पण 'अन्न थांबवा' हा हुकूम शेवटी कुणाच्या हाताने अमलात येणार होता? डॉक्टर राउंडला येतो आणि जातो. वाटी-चमचा नर्सच्या हातात असतो. अरुणाला वर्षानुवर्षं मऊ केलेलं अन्न तोंडाने भरवलं जात होतं, शेवटी शेवटी आजारपणामुळे नाकातून नळी घालावी लागली. हुकूम झाला असता तर ज्या सिस्टरने सकाळी भरवलं तिनेच दुपारी भरवायचं नाही, आणि मग ती जाईपर्यंत रोज ड्युटीवर येऊन ते बघत राहायचं. केईएमच्या स्टाफने न्यायालयाला कळवलं की हे आम्हाला मान्य नाही, आम्ही तिला सांभाळू.

न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमून अरुणाची तपासणी करवली होती. निकालात असं ठरलं की ठरावीक परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार काढून घेता येतील. मात्र अरुणाच्या बाबतीत तिची जवळची माणसं म्हणजे केईएमचा स्टाफ, याचिका करणाऱ्या विराणी नव्हेत. स्टाफचं मत पुढे कधी बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं. मत बदललं नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली, तोवर नर्सेसच्या किती तरी बॅचेस तिच्या खाटेपाशी येऊन निवृत्तही झाल्या होत्या. सदतीस वर्षं खाटेवर असलेल्या बाईच्या पाठीला एकही जखम झालेली नव्हती, हे निकालाच्या वेळी सगळ्यांनी नोंदवलं. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना कळेल हे किती अवघड आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, ओलं राहू द्यायचं नाही. रात्रीसुद्धा.

हे प्रकरण मी गेल्या वर्षी पुन्हा मुळापासून वाचून काढलं, ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. तिचं नाव लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही. सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात उर्दू शिकली, नंतर मराठी माध्यमातून बारावी, मग जीएनएम. आमच्या पुणतांब्याहून बसने जाता येईल अशा एका गावातल्या खाजगी हॉस्पिटलात ती लेबर रूम आणि ओटी सांभाळते. मोजक्या खाटा, रात्री दोन सिस्टर, एक मावशी. तिच्या पगारातून धाकट्या भावाची फी जाते, म्हणून नोकरी सोडणं हा मार्ग तिच्यापुढे नव्हताच. घरातल्या मोठ्यांनी मात्र तोच सुचवला होता. मोठ्यांना सुचवायला काय जातं!

तिचा प्रश्न गर्भपाताचा होता. आपल्याकडे 'क्युरेटिंग' किंवा 'पिशवी साफ करणं' म्हणतात तो. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतल्या केसेस ती करत आली होती, म्हणजे ट्रॉली लावणं, सक्शनची नळी डॉक्टरांच्या हातात देणं, नंतर पेशंटची नाडी आणि रक्तस्राव बघणं. मन कचरायचं, पण ती उभी राहायची. मग अठराव्या आठवड्याची एक केस आली. बाळाच्या डोक्याचा वरचा भाग आणि मेंदू तयारच झालेला नव्हता. असं बाळ जन्मल्यावर फार तर काही तास किंवा दिवस जगतं. आईबापांनी निर्णय घेतला होता, सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, संमतीचा फॉर्म सी भरलेला होता. कायद्याच्या बाजूने सगळं नीट होतं.

एवढ्या आठवड्यांना ट्रॉली आणि सक्शन नसतं. आधी मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, दर तीन तासांनी पुन्हा. त्यातून कळा सुरू होतात आणि बाळंतपणासारखंच सगळं होतं. डॉक्टर अधूनमधून येतो. गोळ्या देणारी, घड्याळ बघणारी, कळा मोजणारी, बाईचा हात धरणारी आणि शेवटी ट्रेमध्ये घेणारी सिस्टर असते.

"आपा, गोळी मी माझ्या हाताने दिली," ती म्हणाली. "डॉक्टरांनी फक्त लिहिली होती."

तिचं मन या वाक्यावर अडकलं होतं. मराठीत याला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. शब्द चांगला आहे पण लांब आहे, आणि त्यात बुद्धी आहे. उर्दूत आपण ज़मीर म्हणतो. ज़मीर म्हणजे जे आत दडलेलं असतं ते. व्याकरणात सर्वनामालाही ज़मीरच म्हणतात, हे मी तिला सहावीत शिकवलं होतं. तिच्या आत जे दडलं होतं ते त्या गोळीने बाहेर काढलं.

आधी तिची श्रद्धा नेमकी काय म्हणते ते बघू, कारण 'इस्लाममध्ये गर्भपात हराम' एवढंच म्हणून भागत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हज़रत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेली जी हदीस आहे, तिच्या आधारे बहुतेक आलिम १२० दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते असं मानतात. त्यानंतर गर्भ पाडणं हराम, याबाबत फारसा मतभेद नाही. आईचा जीव धोक्यात असेल तर दोन संकटांतलं हलकं निवडावं या कायद्याने तेव्हाही वाट काढणारे आलिम आहेत. १२० दिवसांच्या आधी मात्र मतं वेगळी आहेत. मालिकी फिक्ह बरंच कडक आहे, हनफींमध्ये सबळ कारण असेल तर परवानगी देणारे आहेत. मी मुफ्ती नाही, म्हणून यापलीकडे जात नाही.

पण हिशोब शाळामास्तरणीला येतो. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. मग १२० दिवसांत ते चौदा मिळवले की १३४ दिवस होतात, म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर एकोणीस आठवडे आणि एक दिवस. तिच्या केसचे अठरा आठवडे म्हणजे पाळीपासून १२६ दिवस, पण गर्भ राहिल्यापासून साधारण ११२. तिने पाळीपासूनचे दिवस मोजून आपण १२० च्या पलीकडे गेलो असं धरलं होतं आणि रात्री झोपत नव्हती. गंमत म्हणावी की दैव, बाळातला दोष शोधायची मोठी सोनोग्राफी अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यानच करतात. म्हणजे रिपोर्ट येतो तो नेमका याच रेषेवर येतो. एका बाईचा शुक्रवारी आलेला रिपोर्ट अलीकडे पडतो, दुसरीचा सोमवारचा पलीकडे.

हे ऐकून तिला थोडा दिलासा मिळाला, पण प्रश्न मिटला नाही. पुढची केस वीस आठवड्यांची आली तर? आणि तिचं म्हणणं असंही होतं की दिवसांचा हिशोब बरोबर आहे, पण हात थरथरतो त्याचं काय?

कायदा काय सांगतो? आपला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसपर्यंत ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि बाळात गंभीर दोष असेल तर चोवीसनंतरही मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने. कुणी करावा, कुठे करावा, कागद कोणते, हे सगळं त्यात आहे. ज्याला हे करायचं नाही त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात चौथं कलम याच कामासाठी आहे. आपला कायदा त्यानंतर चार वर्षांनी झाला, पण ते कलम आपण घेतलं नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत तर उलटा नियम आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत म्हटलंय की वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या कारणावरून डॉक्टरने चार गोष्टींना नकार देऊ नये: नसबंदी, संततिनियमन, सुंता आणि गर्भपात. ते काम आपल्याला जमत नाही असं त्याला वाटत असेल तर गोष्ट वेगळी. ही यादी मी दोनदा वाचली. त्यात सुंताही आहे! आपल्यापैकी जे लोक 'आमच्या डॉक्टरला नकाराचा हक्क हवा' म्हणतात त्यांनी ती जरा शांतपणे वाचावी. एखाद्या सर्जनला आपल्या पोराची खतना करणं मनाला पटत नसेल, तर त्यालाही तोच नियम थांबवतो.

नर्सला मात्र ही आचारसंहिता लागू नाही, ती डॉक्टरांची आहे. म्हणजे नर्सला नकाराचा हक्क कुणी दिलेला नाही आणि तिच्यावर तशी बंदीही या नियमाने नाही. मधल्या मोकळ्या जागेत तिचं नशीब ड्युटी चार्ट लिहिणाऱ्याच्या पेनावर असतं. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची आचारसंहिता म्हणते की नर्स एखाद्या प्रक्रियेत भाग घ्यायला विवेकाच्या कारणाने नकार देऊ शकते, पण पेशंटला वेळेवर आणि सन्मानाने उपचार मिळतील हे तिने बघितलं पाहिजे. चांगलं वाक्य आहे. तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलात ते दाखवलं तर इनचार्ज सिस्टर चहा पाजून परत पाठवेल.

म्हणून मला केईएम आठवलं. आमच्या महाराष्ट्रात नर्सेसनी 'आमच्या हातून नाही' म्हटलं आणि ते टिकलं, असं माझ्या माहितीतलं हे सगळ्यात ठळक उदाहरण. हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की तिची गोष्ट आणि केईएमची गोष्ट एक नाही. केईएमच्या नर्सेस म्हणत होत्या, अरुणाच्या बाबतीत हे होऊ नये. माझी विद्यार्थिनी म्हणत होती, हे माझ्या हातून होऊ नये. पहिलं म्हणणं पेशंटचं काय व्हावं याबद्दल आहे, दुसरं फक्त स्वतःबद्दल. केईएमच्या नर्सेसना पहिलं म्हणता आलं, कारण सदतीस वर्षांचं भरवणं आणि कूस बदलणं त्यांनी केलं होतं आणि उद्याचंही त्यांनीच अंगावर घेतलं. तरी विराणींचा मुद्दा उरतोच की सेवा करणाऱ्यांचं प्रेम म्हणजे अरुणाची इच्छा नव्हे. मला तो मुद्दा पोकळ वाटत नाही. पण दोन दिवसांसाठी ॲडमिट झालेल्या अनोळखी बाईबद्दल एखादी सिस्टर 'हिच्या बाबतीत हे होऊ नये' म्हणू लागली, तर तो ज़मीर राहत नाही. ती दुसऱ्याच्या आयुष्यावर हुकूमत होते.

आमचं पुणतांबा २०१७ च्या शेतकरी संपाचं गाव, त्यामुळे नकाराची भाषा इथल्या पोरासोरांनाही कळते. पण संपात समोरचा वाकावा म्हणून काम बंद ठेवतात. इथे कुणाला वाकवायचं नसतं, आपला हात तेवढा मागे घ्यायचा असतो. हा फरक विसरला की काय होतं ते बेळगावच्या सविता हलप्पनवारच्या बाबतीत दिसलं.

सविता दातांची डॉक्टर, वय एकतीस, नवऱ्यासोबत आयर्लंडमध्ये होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. गॉलवेच्या हॉस्पिटलात तिने स्वतः सांगितलं की बाळ वाचणार नसेल तर हे संपवा. बाळाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून नकार मिळाला. तिथल्या एका सुईण-नर्सने तिला समजावताना हा कॅथलिक देश आहे असं म्हटलं. चौकशीत त्या नर्सने हे कबूल केलं आणि माफीही मागितली, आपण फक्त कारण सांगत होतो असं ती म्हणाली. दरम्यान सविताच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. २८ ऑक्टोबरला ती गेली. खरं तर त्या नर्सने स्वतः कशालाही नकार दिला नव्हता. नकार देशाच्या कायद्याचा होता आणि त्याचा खुलासा तेवढा तिच्या तोंडून गेला. बेळगावच्या हिंदू मुलीला दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी थांबावं लागलं. आपण ज्या देशात अल्पसंख्य आहोत तिथे हे आपल्याला चटकन समजायला हवं.

आयर्लंडने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन कायदा बदलला. नव्या कायद्यात डॉक्टर, नर्स आणि सुईणीला नकाराचा हक्क दिलाय, पण दोन अटींवर: बाईच्या जिवावर बेतलं असेल तर तो हक्क चालत नाही, आणि नकार देणाऱ्याने तिला दुसऱ्याकडे पोचवलं पाहिजे.

आता हात कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? हे कुणी बारकाईने पाहिलं असेल तर ग्लासगोच्या खटल्यात. तिथल्या लेबर वॉर्डच्या दोन कॅथलिक सुईणी, मेरी डूगन आणि कॉन्सेप्टा वुड, दोघी वॉर्ड सांभाळणाऱ्या वरिष्ठ. गर्भपाताच्या केसेस त्या स्वतः करत नव्हत्याच. त्यांचं म्हणणं होतं की त्या केसेसवर दुसऱ्या सुईणींना नेमणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं, त्यांना आधार देणं हेही आम्हाला नको. त्यांच्या कामाची तेरा कलमांची यादी न्यायालयापुढे आली. स्कॉटलंडच्या न्यायालयाने अपिलात त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. १७ डिसेंबर २०१४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लेडी हेल यांनी लिहिलेल्या निकालाप्रमाणे उपचार सुरू होतो तो कळा आणणारं औषध देण्यापासून आणि संपतो गर्भ व वार बाहेर पडल्यावर. या दरम्यान प्रत्यक्ष हाताने केलेलं काम, म्हणजे औषध देणं, कळांवर लक्ष ठेवणं, वेदनाशामक देणं, बाहेर आलेलं घेणं, त्याची विल्हेवाट लावणं, यांना नकार देता येतो. फोन घेणं, ड्युटी लावणं, दुसऱ्या सिस्टरला जेवायला सोडणं यांना नाही. बाळंतपण झाल्यावरची नेहमीची सेवाही नाकारता येत नाही. आणि जीव वाचवायचा असेल तर त्या कायद्यातही नकार चालत नाही.

हा निकाल आपल्याला बांधील नाही, पण फूटपट्टी म्हणून चांगला आहे. तो समोर ठेवून आम्ही दोघींनी तिच्या ड्युटीचे तुकडे पाडले. माझ्या स्वयंपाकघरात, दोन रविवार. पेशंटला ॲडमिट करणं, ब्लडप्रेशर, रक्ताचे रिपोर्ट: करायचं. संमतीचा फॉर्म समजावणं: ते डॉक्टरांचं काम, तिने साक्षीलाही उभं राहायचं नाही, कारण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं तर ती बाई वाचेल. गोळ्या देणं: नाही. ट्रॉली लावणं? इथे ती बराच वेळ थांबली. सगळ्या ऑपरेशनांची ट्रॉली तीच लावते, औजारं तीच उकळते. शेवटी ठरलं की औजारं निर्जंतुक करून ठेवणं सगळ्यांसाठी सारखं आहे, ते करायचं; त्या केसची ट्रॉली लावून टेबलाशी उभं राहणं नाही. रक्तस्राव सुरू झाला, ताप चढला, वार अडकली: सगळं सोडून धावायचं, तेव्हा विचारायचंही नाही. बाहेरून अर्धवट गोळ्या खाऊन रक्ताने माखून आलेली बाई: तिला घ्यायचं. अशी बाई आमच्या भागात वरचेवर येते, आणि तिने हे केलं की दुसऱ्या कुणी हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. नंतरचं जेवणखाण, पॅड, छाती भरून आली तर त्यावरचा उपाय: करायचं, आणि इतर बाळंतिणींपेक्षा कमी मायेने नाही.

आणि पेशंटला काही सांगायचं नाही. मी यावर अडून बसले. 'माझा धर्म मला परवानगी देत नाही' हे वाक्य इनचार्जला सांगायचं आहे. खाटेवरच्या बाईसाठी ते वाक्य नव्हे, निकाल असतो. तिथे फक्त एवढंच: दुसऱ्या सिस्टर येतील.

अर्ज एका पानाचा झाला, मराठीत. काय करणार नाही ते तीन ओळींत, काय करणार ते दहा ओळींत. हे मुद्दाम. नकाराचा अर्ज बघून मालकाला पहिली शंका येते ती कामचुकारपणाची, आणि मुसलमान मुलीच्या बाबतीत आणखीही एक शंका येते, ती इथे लिहायची गरज नाही. म्हणून अर्ज केस ॲडमिट नसताना द्यायचा, रात्री अकराला टेबलाशी उभं राहून नाही. शेवटच्या ओळीत तिने स्वतःहून लिहिलं: याच्या बदल्यात मी जास्तीच्या ड्युट्या घ्यायला तयार आहे.

ती ओळ मला आधी नको होती. हक्काच्या बदल्यात किंमत का द्यायची? तिचं म्हणणं होतं, हक्क कुठे आहे आपा, सवलत आहे. रुख़्सत. आणि सवलतीचं ओझं कुणावर तरी पडतं.

ते पडलं तिच्यासोबत रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरवर. मराठा घरातली, एकादशी धरणारी, दोन मुलांची आई. डॉक्टरांनी तोंडी 'ठीक आहे' म्हटल्यावर पुढच्या दोन केसेस तिनेच केल्या. दुसऱ्या केसनंतर हात धुता धुता ती म्हणाली, "तुझं बरं आहे, तुला धर्म आहे. मला काय ते बघायला चांगलं वाटतं?" माझ्या विद्यार्थिनीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. नकाराचं कलम कायद्यात असतं तरी या प्रश्नाला ते पुरलं नसतं. ज्या हॉस्पिटलात रात्री दोनच सिस्टर असतात तिथे एकीचा ज़मीर दुसरीच्या हातांवर चालतो. अरुणाच्या वेळी नर्सेस पुष्कळ होत्या आणि सगळ्यांचं म्हणणं एक होतं. विचारण्याची रीत मात्र पुढेही आली नाही. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची पद्धत ठरवून दिली, त्यात दोन मंडळं आहेत आणि दोन्ही डॉक्टरांची. नळी प्रत्यक्ष काढणाऱ्या सिस्टरला विचारायची पायरी त्यात नाही.

दोघींनी मग आपसात एक हिशोब लावला, हॉस्पिटलच्या चार्टवर तो कुठेच नाही. दोन्ही एकादश्यांच्या आदल्या रात्रीची पाळी, दिवाळीचे चार दिवस आणि शाळांच्या परीक्षांचा आठवडा माझ्या विद्यार्थिनीकडे. ती केस आली की दुसरी सिस्टर टेबलाशी आणि ही त्या वेळात सगळा वॉर्ड एकटीने बघणार, नंतर पहाटेपर्यंत त्या पेशंटजवळही हीच बसणार. ईदच्या दिवशी सुट्टी दोघींपैकी हिलाच, हे दुसरीने स्वतःहून सांगितलं. अर्जावर अजून लेखी उत्तर आलेलं नाही, पोच म्हणून शिक्का तेवढा आहे. येत्या मे महिन्यात दुसऱ्या सिस्टरच्या मुलीचं ऑपरेशन आहे, ती महिनाभर रजेवर जाणार आणि तिच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही.